सर, तुम्ही थांबवलंत ते लिहायचं राहून जातं

रविवारी सकाळी शर्यत संपते आणि दुपारच्या जेवणाआधीच रनिंग ग्रुपवर आभार यायला लागतात. पहिल्यांदाच एकवीस किलोमीटर धावलेल्याचा पदकासह फोटो, आणि खाली दोन ओळी: "सर, हे फक्त तुमच्यामुळे शक्य झालं. शब्द अपुरे आहेत. तुमच्या ऋणातच राहायला आवडेल." लिहिणाऱ्याचं मन खरं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण एका पैशाची अपेक्षा न ठेवता वर्षभर पहाटे साडेपाचला मैदानावर येणाऱ्या कोचला त्या दिवशी असे वीस-पंचवीस संदेश येतात. त्यांतली नावं झाकली, तर कोणता कोणी लिहिला हे त्याला ओळखता येणार नाही. "सर"च्या जागी गाण्याच्या बाई घातल्या तरी मजकूर तसाच चालेल. पहिली अर्धमॅरेथॉन नुकतीच पूर्ण केलेल्या आणि आपल्या कोचला काहीतरी नीट लिहावं असं मनात असलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आभारपत्रात कोचने घेतलेला एखादा ठरावीक निर्णय असावा आणि शर्यतीत त्याचं पुढे काय झालं ते असावं. त्यातही कोचने तुम्हाला कशापासून अडवलं, हे आधी लिहावं. ती गोष्ट तुमच्याशिवाय दुसरं कोणीही त्याला सांगू शकत नाही.

कोचला काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचा विचार केला की हे पटतं. ग्रुपमध्ये तीस-चाळीस जण असतात. कोच त्यांना आठवड्यातून दोन किंवा तीन सकाळी भेटतो, आणि तेही सगळ्यांना एकदम. लाँग रनच्या दिवशी तो एका वळणावर पाण्याचे कॅन घेऊन उभा असतो किंवा सर्वांत मागच्या माणसाबरोबर चालत असतो. पुढे गेलेल्यांचं काय चाललंय ते त्याला परत येतानाच्या चेहऱ्यांवरून ओळखावं लागतं. शर्यतीच्या दिवशी तर तो स्वतः धावत असतो किंवा समाप्तीच्या कमानीपाशी उभा असतो. तुमच्याबद्दल त्याच्या हाती पडतो तो चिपने नोंदवलेला वेळ आणि फोटोतला हसरा चेहरा. सतराव्या किलोमीटरला मांडी थरथरायला लागली, पाण्याच्या टेबलापाशी काय प्यायलात, मंगळवारी जिना कसा उतरलात, यातलं त्याला काही कळत नाही. पगारी प्रशिक्षक शर्यतीनंतर प्रत्येकाला बोलावून विचारू शकतो. नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्या माणसाला तेवढी सवड नसते. पुढच्या महिन्यात नवी तुकडी येते आणि तो तिलाही तेच सांगतो. त्यातलं किती लागू पडलं, हे त्याला नक्की कळलेलं नसतं.

त्यात आणखी एक अडचण आहे. कोचचं सर्वांत मोलाचं काम हे बहुधा काहीतरी घडू न देण्याचं असतं. नवा धावक उत्साहात असतो. तीन महिन्यांत त्याचा श्वास सुधारतो, हृदय साथ देऊ लागतं आणि आता कितीही धावू असं वाटायला लागतं. पण नडगीचं हाड, घोट्यामागचा जाड स्नायुबंध आणि गुडघ्याभोवतीचे बंध श्वासाइतक्या वेगाने तयार होत नाहीत. त्यांना महिनोन्‌महिने लागतात. नव्या माणसाला इजा होते ती बहुतेक याच तफावतीत, दम आहे आणि पाय तयार नाहीत अशा आठवड्यांत. अशा वेळी कोच "आज बारा, अठरा नाही" म्हणतो. तो माणूस मनातल्या मनात चिडतो, बारा धावून घरी जातो, आणि काहीच घडत नाही. काही घडलं नाही, याला टाळ्या मिळत नाहीत. दुखापत झाली असती तर सगळ्यांच्या लक्षात राहिली असती. न झालेल्या दुखापतीची कुठेच नोंद राहत नाही. ती नोंद फक्त आभारपत्रात होऊ शकते.

आभार कशाबद्दल मानावेत, यावर मानसशास्त्रात थोडंफार काम झालं आहे. अमेरिकेतल्या सारा आल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगून ती संभाषणं तपासली. आभार मानताना काही जण स्वतःला झालेल्या फायद्याबद्दल बोलत होते, म्हणजे माझं काम सोपं झालं, मला बरं वाटलं, असं. काही जण समोरच्याने काय केलं, त्यातून त्याचा कोणता गुण दिसला, त्याबद्दल बोलत होते. ऐकणाऱ्याला जवळीक वाटण्याचा संबंध या दुसऱ्या तऱ्हेच्या बोलण्याशी अधिक होता. अभ्यास जोडप्यांचा आहे, कोच आणि धावकांचा नाही, म्हणून तो इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी शर्यतीनंतरच्या संदेशांकडे त्या नजरेने पाहिलं की एक गोष्ट लगेच दिसते. त्यांत "मी", "माझं स्वप्न", "माझा प्रवास" भरपूर असतं. कोचने नेमकं काय केलं, त्याबद्दल मात्र "मार्गदर्शन" या एका शब्दापलीकडे काही नसतं.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, पावसाळा सरता सरता, आणि पुण्या-मुंबईकडच्या कित्येक धावकांची पहिली अर्धमॅरेथॉन तीच असते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वरून वळसा घेऊन त्याच वाटेने खाली यायचं. म्हणजे ढोबळमानाने अर्धी शर्यत चढाची आणि अर्धी उताराची. अशा मार्गासाठी तयारी करून घेताना जाणता कोच दोन गोष्टींवर भर देतो. दोन्ही नव्या माणसाला पटायला जड जातात. पहिली म्हणजे चढावर दमायच्या आधी चालणं. घाट लागला की पहिल्या वळणापासूनच दोन मिनिटं धावायचं आणि एक मिनिट चालायचं, दम लागला असो वा नसो. धाव आणि चाल आलटून पालटून करायची ही पद्धत जगभर रुजवली ती १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी. तिचं मर्म हे की चाल ही थकल्यावरची शिक्षा नाही, ती थकवा लांबवण्यासाठी आधीच ठरवून घेतलेली विश्रांती आहे. पाय भरून आल्यावर चालायला सुरुवात केली तर पाय पुन्हा धावायला तयार होत नाहीत. पण शेजारून शेकडो लोक पुढे जात असताना, आपल्याला दम लागलेला नसताना चालायचं, याला धीर लागतो.

दुसरी गोष्ट उताराची. बघणाऱ्याला वाटतं, घाट चढला की काम झालं, उतार काय आपोआप होतो. प्रत्यक्षात मांड्यांचं नुकसान उतारावरच होतं. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलून ते रोखत असतो. या कामात स्नायूचे तंतू चढाच्या कामापेक्षा जास्त दुखावतात. त्याची कळ लगेच कळत नाही, पुढच्या एक ते तीन दिवसांत ती सर्वाधिक असते. यावरचा उपाय मात्र चांगला आहे. उताराचा सराव एकदा जरी नीट झाला, तरी पुढचे काही आठवडे तोच स्नायू त्याच कामाने कमी दुखावतो. म्हणून पुण्यातला एखादा कोच बोपदेव घाटात चार वेळा उताराचा सराव ठेवतो आणि त्यातला शेवटचा शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी. त्याच्या जोडीला तो सांगतो की पाय लांब टाकून टाचेने ब्रेक लावू नका, पावलं लहान आणि भराभर ठेवा, अंग मागे रेलू देऊ नका.

समजा, अशा ग्रुपमधली एक बाई ही शर्यत २ तास ५० मिनिटांत पूर्ण करते. मागच्या वर्षी तिने दोनदा धावणं सुरू करून नडगीच्या दुखण्याने सोडून दिलेलं आहे. तिने कोचला काय लिहावं? त्याची तयारी रविवारी संध्याकाळीच करायला हवी आणि पत्र मात्र बुधवारी लिहावं. संध्याकाळी कागदावर किंवा फोनमध्ये जे आठवेल ते उतरवून ठेवायचं: कुठे काय झालं, तेव्हा साधारण किती किलोमीटर झाले होते, शरीराने काय सांगितलं, आणि त्या क्षणी कोचचं कोणतं वाक्य आठवलं. हातात घड्याळ असेल तर दर किलोमीटरचे आकडे त्यातून घ्यावेत, कारण स्मृती इथे दगा देते. पोलंडमधल्या प्रशेमिस्वाफ बॉम्बेल यांनी मॅरेथॉन संपताच धावकांना किती दुखतंय ते विचारलं, आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच शर्यतीबद्दल विचारलं. दुसऱ्या वेळी धावकांना वेदना मुळात सांगितली होती त्यापेक्षा कमी आठवत होती. हा अभ्यास २०१६ चा आहे. पुढच्या शर्यतीत नाव घालायला हे विसरणं उपयोगी पडत असेल, पण कोचला खरी हकीकत हवी असेल तर ती विसरण्याआधी लिहून ठेवलेली बरी. बुधवारपर्यंत थांबायचं कारण वेगळं. सोमवार-मंगळवारचं दुखणं हाही या शर्यतीचाच निकाल आहे. रविवारी दुपारी लिहिलेल्या पत्रात तो येऊच शकत नाही.

तिचं पत्र असं होऊ शकेल:

"सर, सप्रेम नमस्कार.

रविवारी सातारा झाली. २ तास ५० मिनिटं लागली. वर जायला १ तास ३६ मिनिटं, खाली यायला १ तास १४.

जूनच्या शेवटच्या रविवारी मी अठरावाल्यांबरोबर निघाले होते. तुम्ही मैदानाच्या गेटपाशी हात करून थांबवलंत आणि मागच्या रविवारी किती झाले ते विचारलंत. मी अकरा म्हणाले. 'मग आज बारा,' असं म्हणून पहिला किलोमीटर तुम्ही माझ्याबरोबर चाललात. तेव्हा मला राग आला होता. मागच्या वर्षी नडगी दुखल्यामुळे मी दोनदा धावणं सोडलं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. या वेळी शर्यतीपर्यंत नडगी एकदाही दुखली नाही आणि एकही रविवार चुकला नाही.

घाटात दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, हे पहिल्या वळणापासून केलं. पहिल्या चार-पाच वेळा चालताना लाज वाटली, कारण दम लागलेला नव्हता. वर वळसा घेतला तेव्हा शेजारच्या बाईंशी सहज बोलता येत होतं. जाताना माझ्या पुढे गेलेले बरेच जण वरच्या अंगाला चालताना भेटले.

उतारावर लहान पावलं सतराव्या किलोमीटरपर्यंत जमली. मग मांड्या थरथरायला लागल्या आणि मी ब्रेक लावायला लागले. शेवटचे चार किलोमीटर आधीच्यापेक्षा प्रत्येकी साधारण एक मिनिट हळू झाले. मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागला, आज लागला नाही. बोपदेवच्या गुरुवारच्या चार सरावांपैकी मी दोनच केले होते. पावसाचं कारण सांगून दोन बुडवले.

पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी तहान नसतानाही दोन-दोन ग्लास प्यायले. वर पोचेपर्यंत पोट डचमळत होतं. तुम्ही तहानेप्रमाणे प्या म्हणाला होतात, भीतीपोटी ते मी पाळलं नाही.

बोपदेवच्या तिसऱ्या वळणावर पाणी घेऊन उभे राहणाऱ्या काकांचं नाव मला माहीत नाही. त्यांनाही माझे आभार सांगा.

त्या रविवारी गेटपाशी थांबवलंत, त्याबद्दल मनापासून आभार."

या पत्रात विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि कोचची स्तुती शोधावी लागते. तरी ते हातात पडल्यावर कोचला तीन नव्या गोष्टी कळतात. एक, बारावर थांबवलेली बाई आधीच्या वर्षी नडगीच्या दुखण्यातून गेलेली होती. त्याला हे माहीत नव्हतं, त्याने फक्त अकरावरून अठरावर जाणारी उडी पाहिली होती. पुढच्या तुकडीत नाव नोंदवतानाच आधीच्या दुखण्याबद्दल विचारायचं, हे त्याला यातून सुचेल. दोन, उताराचे दोनच सराव झालेल्या माणसाच्या मांड्या साधारण सतराव्या किलोमीटरला थकतात. हा एकाच व्यक्तीचा दाखला आहे, पण असे पाच-सहा जमले की सराव किती ठेवावेत याचा त्याला अंदाज येतो. आणि पावसात गुरुवार बुडतात हेही कळतं, मग तो दिवस बदलता येतो. तीन, तहानेप्रमाणे प्या हे सांगितलेलं भीतीपुढे टिकत नाही. हा मुद्दा किरकोळ नाही. बोस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं गेलं. त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सुरक्षित पातळीच्या खाली गेलेलं होतं, आणि शर्यतीत पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत व चार तासांहून जास्त वेळ धावलेल्यांत हे अधिक आढळलं. हळू धावणाऱ्या नव्या माणसाला पिण्यासाठी वेळही जास्त मिळतो आणि टेबलंही जास्त वेळ समोर असतात. म्हणून पोट डचमळल्याची ती एक ओळ कोचच्या दृष्टीने पदकाच्या फोटोपेक्षा कामाची आहे.

इथे कोणी म्हणेल, आभारपत्रात चुका आणि तक्रारी कशाला? शुभकार्यात रडगाणं नको, अशी आपली रीत आहे. पण पत्रात तक्रार कुठे आहे ते बघा. सराव बुडवले ते तिने, पाणी जास्त प्यायली तीही तीच, आणि तिने तसं साफ लिहिलं आहे. कोचच्याच सूचनेने काही बिघडलं असेल, तर तेही याच सुरात लिहिता येतं: "शर्यतीच्या दहा दिवस आधीचा सोळा किलोमीटरचा सराव मला जड गेला, पाय रविवारपर्यंत मोकळे झाले नाहीत." हे आरोप न करता घडलेलं सांगणं आहे. ते वाचून स्वाभिमानी कोच चिडणार नाही, वहीत टिपून ठेवेल. फक्त अशी बाब दोनपेक्षा जास्त नसावी, आणि कोचच्या मुख्य निर्णयाच्या हकीकतीआधी येऊ नये.

यापेक्षा खोल आक्षेप वेगळा आहे आणि तो मला गंभीर वाटतो. नडगी दुखली नाही ती कोचने बारावर थांबवल्यामुळेच, हे कशावरून? कदाचित या वर्षी बूट चांगले होते, वजन कमी झालं होतं, किंवा अठरा धावूनही काही झालं नसतं. हे अगदी खरं आहे. एका माणसाच्या एका शर्यतीवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणूनच पत्रातली ती ओळ पुन्हा पाहावी. "तुमच्यामुळे दुखली नाही" असं तिने लिहिलेलं नाही. तुम्ही थांबवलंत, मी थांबले, नंतर नडगी दुखली नाही, एवढंच लिहिलं आहे. क्रम दिला, कारण लावलं नाही. आभार मानायला कारण सिद्ध व्हावं लागत नाही. कोचने तिच्याकडे लक्ष देऊन एक निर्णय घेतला आणि स्वतःच्या गटाला सोडून एक किलोमीटर तिच्याबरोबर चालला, एवढ्याबद्दल आभार पुरेसे आहेत. उलट घाईने कारण जोडलं तर नुकसान होऊ शकतं. "सर, तुमच्यामुळे माझी शुगर गेली", "गुडघ्याचं ऑपरेशन टळलं" अशी वाक्यं ग्रुपवर सर्रास दिसतात. धावण्याने रक्तातली साखर सुधारू शकते, पण औषधं, आहार, वजन या सगळ्याचा त्यात वाटा असतो. तसं वाक्य वाचून दुसरा एखादा मधुमेही डॉक्टरांना न विचारता गोळी कमी करतो आणि इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी लाँग रनला येतो. कोच डॉक्टर नाही. त्याच्या खांद्यावर ती जबाबदारी आभाराच्या रूपानेही टाकू नये. तपासणीचा आकडा सुधारला असेल तर तेवढाच आकडा खासगीत कळवावा, आणि डॉक्टर अजून काय देत आहेत तेही सोबत लिहावं.

आणखी एक आक्षेप खास आपल्याकडचा. आपल्या माणसाचे आभार मानायचे नसतात, त्याने परकेपणा येतो, म्हणून "ऋणात राहू इच्छितो" असं म्हणायची पद्धत आहे. तिच्यामागे नम्रता आहे, हे मला मान्य आहे. आई वाढते तेव्हा आपण तिला धन्यवाद म्हणत नाही. पण आईला आपण जेवलो की नाही ते समोर दिसतं. कोचला दिसत नाही, हीच तर इथली अडचण आहे. ऋणात राहायचं असेल तर खुशाल राहावं, फक्त ते कशाचं ऋण आहे ते कळू द्यावं. संकोचाबद्दलही थोडं सांगायला हवं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी आपल्या आयुष्यातल्या कोणाला तरी आभाराचं पत्र लिहिलं आणि ते वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज बांधला. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं लिहिणाऱ्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटत होतं, आणि त्याला किती आनंद होईल, किती आश्चर्य वाटेल, याचा अंदाज त्यांनी कमी बांधला होता. लिहिणारा आपले शब्द नीट जमले का याची काळजी करतो, आणि वाचणारा त्यातली आपुलकी पाहतो. तेव्हा भाषा साधी असली, शुद्धलेखन चुकलं, तरी पत्र पाठवावं.

वेळ हळू आला म्हणून न लिहिणारेही असतात. सव्वातीन तास लागले, त्यात सरांना काय सांगायचं, असं त्यांना वाटतं. खरं तर कोचला सर्वांत कमी माहिती याच लोकांची असते. पुढे धावणारे त्याच्याशी बोलतात, त्याच्या वेगाने धावतात. मागचे समाप्तीला पोचेपर्यंत मंडप उतरायला लागलेला असतो, पाण्याची टेबलं रिकामी झालेली असतात, रस्ता वाहतुकीला खुला होऊ लागलेला असतो. शेवटच्या तासात मार्गावर काय होतं, कुठे पाणी संपलं होतं, कुठे वळण दाखवायला कोणी नव्हतं, हे सव्वातीन तासवाला लिहील तेव्हाच कोचला कळेल. मग पुढच्या वर्षी तो आपल्या मागच्या गटाच्या हाती पाण्याची छोटी बाटली देईल. भेटवस्तूबद्दल थोडक्यात: गुरुपौर्णिमेला ग्रुपने वर्गणी काढून शाल-श्रीफळ देणं छान आहे, तो सर्वांचा मान आहे. पत्र एकाचं असतं आणि ते वर्गणीत मिसळत नाही.

पत्र आधी खासगीत द्यावं, कागदावर लिहून किंवा कोचला स्वतंत्र पाठवून. त्यात तुमच्या दुखण्याचा उल्लेख आहे, बुडवलेल्या सरावांचा आहे, कदाचित दुसऱ्या कोणाचा अनुभवही आहे. हे चाळीस जणांसमोर ठेवायचं की नाही, ते कोच आणि तुम्ही मिळून ठरवा. ग्रुपवर टाकायचं असेल तर त्यातला एकच भाग टाका, म्हणजे अठराऐवजी बारावर थांबल्याचा, कारण नव्या तुकडीतल्या कोणाला तरी पुढच्या रविवारी तेच ऐकावं लागणार आहे. संबोधन रोजचंच ठेवावं. सराव करताना सर म्हणत असाल तर सर, ताई म्हणत असाल तर ताई, दादा असेल तर दादा. पत्रात अचानक "आदरणीय मार्गदर्शक" झालं की समोरच्याला ते आपलं वाटत नाही. लांबी एका पानाची पुरे. आणि बुधवारी लिहिताना बोपदेवच्या काकांचं नाव माहीत नसेल, तर ते विचारून मगच पत्र द्या. तेही सरावाच्या दिवशी पहाटे उठून त्या तिसऱ्या वळणावर येतात.